आयडियल प्राइम आहे की मॅक्सिमल? क्वोशंट रिंग काढून कसं ठरवायचं

Z[x] म्हणजे पूर्णांक सहगुणकांच्या बहुपदींची रिंग. तिच्यातले हे तीन आयडियल घ्या: (2, x²+1), (3, x²+1) आणि (5, x²+1). लिहायला तिन्ही एकाच साच्यातले. पण मधला मॅक्सिमल आहे, उरलेले दोन साधे प्राइमसुद्धा नाहीत, आणि ते दोघे नापास होण्याची कारणंही एकमेकांहून वेगळी आहेत. आयडियलकडे कितीही वेळ बघत बसलं तरी हा फरक डोळ्यांना दिसत नाही. तो दिसतो क्वोशंट रिंग प्रत्यक्ष काढल्यावर. हे काम टप्प्याटप्प्याने कसं करायचं, कुठे थांबायचं आणि कुठे फसगत होते, हे या लेखात याच कुटुंबातली उदाहरणं घेऊन पाहू.

इथे रिंग म्हणजे कायम क्रमनिरपेक्ष आणि 1 असलेली रिंग. ही अट वरवरची नाही. ती काढली तर काय मोडतं ते पुढे येईलच.

व्याख्या आणि त्यांची अडचण

R या रिंगमधला P हा आयडियल प्राइम म्हणायचा तो दोन अटींवर. P म्हणजे अख्खी R नसावी, आणि ab हा गुणाकार P मध्ये असेल तर a किंवा b यांपैकी निदान एक तरी P मध्ये असावाच. M हा आयडियल मॅक्सिमल म्हणायचा तो M अख्खी R नसेल आणि M व R यांच्या मध्ये दुसरा कोणताही आयडियल बसत नसेल तर.

दोन्ही व्याख्या बरोबर आहेत, पण हिशेबाला अवघड आहेत. पहिलीत घटकांच्या सगळ्या जोड्या तपासायच्या. दुसरीत तर M पेक्षा मोठे सगळे आयडियल तपासायचे, आणि त्यांची यादी आपल्याकडे नसतेच. क्वोशंट रिंग R/I घेतली की दोन्ही प्रश्न बदलतात आणि एका रिंगमधल्या घटकांबद्दलचे साधे प्रश्न होतात. दोन शून्येतर घटकांचा गुणाकार शून्य येतो का? आणि प्रत्येक शून्येतर घटकाला गुणाकार व्यस्त आहे का? परीक्षेत पाठ म्हणून लिहिलेलं प्रमेय हेच: R/P इंटिग्रल डोमेन असेल तरच P प्राइम, आणि R/M फील्ड असेल तरच M मॅक्सिमल.

पहिलं प्रमेय जवळजवळ भाषांतरच आहे

R/I मध्ये a चा कोसेट शून्य असणं म्हणजेच a हा I मध्ये असणं. या एका वाक्यावर सगळं उभं आहे. "ab हा P मध्ये असेल तर a किंवा b हा P मध्ये असतो" या विधानात जिथे जिथे "P मध्ये आहे" असं म्हटलंय तिथे "क्वोशंटमध्ये शून्य आहे" असं ठेवा. मिळतं ते असं: क्वोशंटमध्ये गुणाकार शून्य असेल तर दोहोंपैकी एक शून्य असतो. हीच इंटिग्रल डोमेनची अट. P ≠ R ही अट क्वोशंटच्या बाजूला "1 आणि 0 वेगळे आहेत" अशी दिसते. यात युक्ती म्हणावं असं काही नाही, आणि म्हणूनच ते लक्षात ठेवायला सोपं आहे.

दुसऱ्या प्रमेयात मात्र एक कामाची गोष्ट दडलेली आहे

समजा M मॅक्सिमल आहे आणि a हा M मध्ये नाही. मग M मध्ये a घातल्यावर तयार होणारा M + (a) हा आयडियल M पेक्षा मोठा आहे, म्हणजे तो अख्खी R असलाच पाहिजे. अख्खी R मध्ये 1 असतो. म्हणून M मधला कुणीतरी m आणि R मधला कुणीतरी r असे सापडतात की

m + ra = 1.

हे समीकरण क्वोशंटमध्ये वाचा. m तिथे शून्य होतो, उरतं ra = 1. म्हणजे r हाच a चा व्यस्त. a कोणताही घेतला होता, तेव्हा R/M फील्ड.

उलट दिशा. R/M फील्ड आहे आणि J हा M पेक्षा मोठा आयडियल आहे असं समजा. J मधला पण M बाहेरचा एक a घ्या. क्वोशंटमध्ये त्याला व्यस्त आहे, म्हणून असा r आहे की ra − 1 हा M मध्ये येतो. M हा J च्या आत, म्हणून ra − 1 हा J मध्ये आहे. ra तर J मध्ये आहेच. वजाबाकी केली की 1 हा J मध्ये आला, आणि J अख्खी रिंग झाला. मध्ये जागाच उरली नाही.

या सिद्धतेतलं m + ra = 1 हे समीकरण जपून ठेवण्यासारखं आहे. ते नुसतं "व्यस्त अस्तित्वात आहे" असं सांगत नाही, तर व्यस्त हातात देतं. कुणी विचारलं की दाखवा, तर हे एक ओळीचं समीकरण पुरावा म्हणून पुरतं.

फील्ड हे नेहमी इंटिग्रल डोमेन असतं, कारण व्यस्ताने गुणून शून्येतर घटक खोडता येतो. म्हणून मॅक्सिमल आयडियल आपोआप प्राइम. उलट नेहमी खरं नाही, पण एका परिस्थितीत खरं आहे आणि ती वारंवार समोर येते: क्वोशंट सांत असेल तर. सांत डोमेनमध्ये a ≠ 0 ने गुणण्याची क्रिया वेगवेगळ्या घटकांना वेगवेगळ्या ठिकाणी नेते. घटक मोजकेच असल्यामुळे एकही जागा रिकामी राहत नाही, म्हणजे 1 ची जागाही भरते, आणि a ला व्यस्त मिळतो. म्हणून R/I सांत असेल तर प्राइम आणि मॅक्सिमल यांत फरक उरत नाही. शून्यभाजक आहेत की नाहीत एवढंच पाहायचं.

क्वोशंट प्रत्यक्ष काढायचा कसा

आयडियलला दोन-तीन जनरेटर असतील तर सगळ्यांना एकदम शून्य करायला जाऊ नका. एकेक करून शून्य करा. R/(a, b) काढायचं तर आधी R/(a) काढा, मग त्या नव्या रिंगमध्ये b चा जो कोसेट आहे त्याने भागा. उत्तर तेच येतं, आणि a आधी घेतला की b आधी घेतला याने फरक पडत नाही. क्रम निवडायचं हे स्वातंत्र्य इथलं सगळ्यात उपयोगी हत्यार आहे. काही वेळा एका क्रमाने हिशेब अडतो आणि दुसऱ्या क्रमाने दोन ओळींत संपतो.

(p, x²+1) साठी दोन्ही रस्ते बघा. आधी x²+1 शून्य केला तर x चा वर्ग −1 झाला, म्हणजे x ने i ची भूमिका घेतली, आणि Z[x]/(x²+1) ही a + bi या पूर्णांकांची रिंग Z[i] झाली. मग तिला p ने भागायचं. आधी p शून्य केला तर सहगुणक Z/p मध्ये गेले, आणि मग (Z/p)[x] ला x²+1 ने भागायचं. पहिला रस्ता व्यस्त काढायला बरा, दुसरा अवयव पाडायला बरा. दोन्हीकडे घटक a + bx या रूपाचे, a आणि b यांना प्रत्येकी p किमती, म्हणजे एकूण p² घटक. क्वोशंट सांत आहे. तेव्हा प्राइम आणि मॅक्सिमल हे इथे एकच, आणि प्रश्न एवढाच उरतो की (Z/p)[x] मध्ये x²+1 चे अवयव पडतात का.

p = 3

Z/3 मध्ये वर्ग कोणते? 0, 1, आणि 2² = 4 = 1. म्हणजे फक्त 0 आणि 1. −1 म्हणजे 2, आणि तो वर्गांत नाही. x²+1 ला Z/3 मध्ये शून्य करणारी किंमत नाही, आणि फील्डवरच्या कोटी 2 च्या बहुपदीसाठी एवढं पुरेसं आहे: अवयव पडत नाहीत. क्वोशंट नऊ घटकांचं फील्ड आहे.

हे व्यस्त काढूनही दिसतं. (a + bi)(a − bi) = a² + b². a आणि b पैकी एक जरी शून्येतर असेल तरी a² + b² ची किंमत 1 किंवा 2 येते, शून्य कधीच येत नाही, कारण वर्ग फक्त 0 आणि 1 आहेत. म्हणून प्रत्येक शून्येतर घटकाला व्यस्त आहे. उदाहरणार्थ 1 + i घ्या. (1 + i)(1 − i) = 2, आणि Z/3 मध्ये 2 चा व्यस्त 2 च, म्हणून 1 + i चा व्यस्त 2(1 − i) = 2 − 2i = 2 + i. पडताळा: (1 + i)(2 + i) = 2 + 3i − 1 = 1 + 3i = 1.

आता हाच हिशेब Z[x] मध्ये परत नेऊ. (1 + x)(2 + x) = x² + 3x + 2. हे असं लिहा:

1 = (1 + x)(2 + x) − (x² + 1) − 3x.

उजवीकडची शेवटची दोन पदं (3, x²+1) मध्ये आहेत. म्हणजे या आयडियलमध्ये 1 + x घातला की 1 येतो आणि सगळी रिंग उचलली जाते. सिद्धतेतलं m + ra = 1 ते हेच, फक्त आता अक्षरांच्या जागी खरे घटक आहेत.

p = 5

Z/5 मध्ये 2² = 4 = −1. म्हणून x²+1 ला 2 आणि 3 या दोन किमती शून्य करतात आणि x²+1 = (x − 2)(x − 3). क्वोशंटमध्ये x − 2 आणि x − 3 दोन्ही शून्येतर आहेत, कारण तिथे a + bx शून्य असतो तो a आणि b दोन्ही 5 ने भाग जाणारे असतील तरच. गुणाकार मात्र शून्य. शून्यभाजक सापडले, आयडियल प्राइम नाही, आणि अर्थातच मॅक्सिमलही नाही.

हाही पुरावा वर Z[x] मध्ये नेता येतो: (x − 2)(x − 3) = x² − 5x + 6 = (x² + 1) + 5(1 − x). गुणाकार आयडियलमध्ये, अवयव दोन्ही बाहेर. शून्यभाजक एवढ्यावर थांबत नाहीत, पुढचा रस्ताही दाखवतात. x − 2 आयडियलमध्ये घाला: (5, x − 2) मिळतो, क्वोशंट Z/5, म्हणून मॅक्सिमल. x − 3 घाला: (5, x − 3), तोही मॅक्सिमल. चायनीज रिमेंडर प्रमेयाने मूळ क्वोशंट Z/5 च्या दोन प्रती शेजारी ठेवल्यासारखा फुटतो, आणि (5, x²+1) हा या दोन मॅक्सिमल आयडियलचा छेद आहे.

p = 2

Z/2 मध्ये (x + 1)² = x² + 2x + 1 = x² + 1. क्वोशंटमध्ये चार घटक: 0, 1, x, x + 1. त्यातला x + 1 शून्य नाही, पण त्याचा वर्ग शून्य आहे. पुन्हा प्राइम नाही. पण p = 5 च्या वेळी दोन वेगळे घटक एकमेकांना शून्य करत होते, इथे एकच घटक स्वतःलाच शून्य करतो. तिथे क्वोशंट दोन तुकड्यांत फुटला होता, इथे तो फुटत नाही. (2, x²+1) ज्याच्या आत बसतो असा मॅक्सिमल आयडियल एकच आहे: (2, x + 1).

इथे एक चूक फार होते, ती सांगतो. "चार घटक आहेत, आणि चार घटकांचं फील्ड असतं हे माहीत आहे, म्हणून हे फील्ड." नाही. चार घटकांचं फील्ड (2, x²+x+1) ने भागून मिळतं. तिथे x²+x+1 ला 0 किंवा 1 यांपैकी कोणीच शून्य करत नाही. घटकांची संख्या मूळ संख्येचा घात नसेल तर फील्ड नाही, असं खात्रीने म्हणता येतं. पण घात असणं पुरेसं नाही. 2 ची परिस्थिती, 5 ची परिस्थिती आणि 3 ची परिस्थिती तिन्हींत घटकांची संख्या p² च होती.

सर्वसाधारण उत्तरही याच हिशेबातून येतं. −1 हा Z/p मध्ये वर्ग असतो तो p ला 4 ने भागल्यावर बाकी 1 येत असेल तेव्हा, किंवा p = 2 असेल तेव्हा. म्हणून (p, x²+1) मॅक्सिमल होतो तो p ला 4 ने भागून बाकी 3 येते तेव्हाच: 3, 7, 11, 19 आणि पुढे.

प्राइम आहे पण मॅक्सिमल नाही: साक्षीदार कसा शोधायचा

आता जनरेटर एकच ठेवू: (x²+1). क्वोशंट Z[i], आणि ती कॉम्प्लेक्स संख्यांच्या फील्डमधली सबरिंग असल्यामुळे तिच्यात शून्यभाजक असू शकत नाहीत. म्हणून प्राइम. मॅक्सिमल आहे का? फील्ड नाही हे दाखवायला व्यस्त नसलेला एकच शून्येतर घटक पुरे. 3 घ्या. त्याचा व्यस्त 1/3, आणि तो Z[i] मध्ये नाही. हा साक्षीदार आयडियलमध्ये घातला की मोठा आयडियल तयार होतो, आणि तो अख्खी रिंगही होत नाही: (3, x²+1). तो आपण वर पाहिलाच. उदाहरण कसंही असलं तरी हे चालतं. क्वोशंटमधला व्यस्तहीन घटक हा मधल्या आयडियलचा पत्ता असतो.

(2x − 1) हा आयडियल मला याहून बोलका वाटतो. क्वोशंटमध्ये 2x = 1, म्हणजे x ने 1/2 ची जागा घेतली. मिळते ती Z[1/2], ज्यांच्या छेदात फक्त 2 चे घात आहेत अशा अपूर्णांकांची रिंग. परिमेय संख्यांच्या आतली रिंग, म्हणून डोमेन, म्हणून प्राइम. 2 ला तिथे व्यस्त मिळाला हे खरं, पण 3 ला नाही. 3 घातला की (3, 2x − 1), क्वोशंट Z/3, मॅक्सिमल. आणि 3 ऐवजी 2 घातला तर? 1 = 2·x − (2x − 1), म्हणजे (2, 2x − 1) मध्ये 1 आहे आणि तो अख्खी रिंग आहे. 2 ला आधीच व्यस्त होता, म्हणून असंच होणार होतं. नेमका कोणता घटक घालायचा हे क्वोशंटलाच विचारावं लागतं, ते यासाठी.

Z[x] पुरता एक नियम जवळ ठेवा: तिच्या मॅक्सिमल आयडियलचा क्वोशंट नेहमी सांत फील्ड असतो. म्हणून Z[x] मध्ये क्वोशंट अनंत निघाला तर तो प्राइम असू शकेल, मॅक्सिमल नक्कीच नाही. हा नियम दुसऱ्या रिंगला लावू नका. Q[x] मध्ये (x²+1) चा क्वोशंट अनंत आहे आणि तरीही फील्ड आहे.

जनरेटर लपवाछपवी करतात

(x²+1, x − 2) मध्ये एकही पूर्णांक लिहिलेला दिसत नाही. म्हणून क्वोशंट अनंत असेल असं वाटतं. क्रम बदलून बघा: आधी x − 2 शून्य करा. मग x च्या जागी 2 आला, Z[x] ची Z झाली, आणि x²+1 चा झाला 5. क्वोशंट Z/5. म्हणजे 5 या आयडियलमध्ये होताच, आणि हा आपला मघाचा (5, x − 2) च निघाला.

याच रीतीने (x²+1, x − n) चा क्वोशंट Z/(n²+1) येतो. n = 3 घेतला तर Z/10. तिथे 2·5 = 0, म्हणून प्राइम नाही. n = 4 घेतला तर Z/17, मॅक्सिमल. n = 0 घेतला तर Z/1, म्हणजे शून्य रिंग. (x²+1, x) मध्ये x² आहे आणि x²+1 आहे, म्हणून 1 ही आहे. तो अख्खी रिंग आहे, प्राइमही नाही आणि मॅक्सिमलही नाही. क्वोशंट काढल्यावर सगळ्यात आधी तिथे 1 ≠ 0 आहे ना हे बघून घ्यावं. शून्य रिंगमध्ये शून्येतर घटकच नसल्यामुळे "प्रत्येक शून्येतर घटकाला व्यस्त आहे" हे विधान रिकामंच खरं ठरतं, आणि बेसावध माणूस तिला फील्ड म्हणून मोकळा होतो.

जाता जाता: n बदलत गेलो तर यातले किती आयडियल मॅक्सिमल होतील? n²+1 मूळ संख्या असेल तेवढे. अशा मूळ संख्या अनंत आहेत का, हा एडमुंड लांडाउ यांनी १९१२ मध्ये मांडलेल्या चार प्रश्नांपैकी एक आहे आणि तो अजून सुटलेला नाही. एकेका आयडियलचा निकाल एका ओळीत लागतो, सगळ्या कुटुंबाचा लागलेला नाही.

अविभाज्य घटक आणि प्राइम आयडियल

बहुपदीचे अवयव पडत नाहीत म्हणून तिने तयार होणारा आयडियल प्राइम, असं आपण वर p = 3 ला वापरलं. फील्डवरच्या बहुपदींना ते चालतं. सरसकट चालत नाही. याचं नेहमीचं उदाहरण Z[√−5]. तिथे 2 चे खरे अवयव पडत नाहीत: a + b√−5 चा नॉर्म a² + 5b², 2 चा नॉर्म 4, तेव्हा खऱ्या अवयवाचा नॉर्म 2 हवा, आणि a² + 5b² = 2 ला पूर्णांक उत्तर नाही. तरी (2) प्राइम आहे का? क्वोशंट काढा. Z[√−5] म्हणजे Z[x]/(x²+5). 2 शून्य केला की x²+5 चा x²+1 होतो, आणि तो (x + 1)². मघाचाच चार घटकांचा क्वोशंट परत समोर आला. प्राइम नाही.

क्वोशंटने साक्षीदारही दिला: 1 + √−5. तो (2) मध्ये घातला तर x = −1 झाला, x²+5 चा 6 झाला, आणि 2 तर शून्य आहेच, म्हणून Z/2 उरला. (2, 1 + √−5) मॅक्सिमल. 6 = 2·3 = (1 + √−5)(1 − √−5) अशा दोन तऱ्हांनी अवयव पडण्याची जी अडचण होती ती याच आयडियलने सुटते. डेडेकिंड यांनी १८७१ मध्ये आयडियलची व्याख्या दिली ती संख्यांच्या अशाच रिंगसाठी.

1 नसेल तर

सम पूर्णांकांची 2Z ही रिंग घ्या आणि तिच्यातला 4Z. क्वोशंटमध्ये दोनच घटक, 0 आणि 2, म्हणून मध्ये काही बसायला जागा नाही. 4Z मॅक्सिमल आहे. पण 2·2 = 4 हा 4Z मध्ये आहे आणि 2 नाही, म्हणजे तो प्राइम नाही. मॅक्सिमल असून प्राइम नाही! आपल्या सिद्धतेत मोडलं ते एकच वाक्य: "अख्खी R मध्ये 1 असतो."

सहगुणक बदलले की उत्तर बदलतं

"(x²+1) मॅक्सिमल आहे का?" हा प्रश्न अपुरा आहे. कोणत्या रिंगमध्ये, हे सांगावं लागतं. Z[x] मध्ये क्वोशंट Z[i], प्राइम पण मॅक्सिमल नाही. Q[x] मध्ये क्वोशंट Q(i), फील्ड, म्हणून मॅक्सिमल. C[x] मध्ये x²+1 = (x − i)(x + i), प्राइमही नाही.

यातल्या पहिल्या दोघांचं नातं जवळून बघण्यासारखं आहे. Z[x] ही Q[x] च्या आत आहे. Q[x] मधला मॅक्सिमल आयडियल (x²+1) घ्या आणि त्यातले पूर्णांक सहगुणकांचे घटक तेवढे निवडा. x²+1 चा अग्र सहगुणक 1 असल्यामुळे भागाकार पूर्णांकांतच होतो, आणि मिळतो तो Z[x] मधला (x²+1). वर मॅक्सिमल होता, खाली नुसता प्राइम उरला. असं का झालं ते क्वोशंट सांगतात: खालचा क्वोशंट Z[i] हा वरच्या Q(i) च्या आतली सबरिंग आहे. फील्डच्या सबरिंगला फील्ड असण्याची सक्ती नसते. डोमेनची सबरिंग मात्र डोमेनच असते, कारण शून्यभाजक आत सापडले तर ते बाहेरही शून्यभाजकच.

हे कोणत्याही रिंग होमोमॉर्फिझमला लागू आहे. f ही R कडून S कडे जात असेल आणि S मधला P प्राइम असेल, तर R मधले जे घटक f खाली P मध्ये जातात त्यांचा आयडियल घ्या. R ला त्याने भागून मिळणारी रिंग S/P च्या आत बसते, म्हणून ती डोमेन, म्हणून तो आयडियल प्राइम. मॅक्सिमलसाठी हेच वाक्य "फील्डच्या आत बसते" इथपर्यंत येऊन अडतं. f सर्जेक्टिव्ह असेल तर दोन्ही क्वोशंट एकरूप होतात आणि मॅक्सिमलही टिकतो, एरवी भरवसा नाही. ग्रोथेंडीक यांच्या स्कीमच्या सिद्धांतात रिंगचे बिंदू म्हणून नुसते मॅक्सिमल न घेता सगळे प्राइम आयडियल घेतात, त्याचं एक कारण हेच: होमोमॉर्फिझम दिला की बिंदू बिंदूकडे गेला पाहिजे, आणि Z[x] पासून Q[x] पर्यंतच्या एवढ्या साध्या वाटेवरसुद्धा मॅक्सिमल आयडियल तेवढं करू शकत नाहीत.